वाइनचे दोन घोट घेतले की नाक चोंदतं, बियरनेही तेच. सल्फाइट की आणखी काही?

दुपारची_झोप

पिण्यावरून उपदेश नकोत, हे आधीच सांगते. वर्षातून सात-आठ वेळा, तेही मैत्रिणींबरोबर, एवढंच माझं पिणं. वय ३९, मुक्काम पुणे.

गेली तीन-चार वर्षं वाइनचा अर्धा ग्लासही संपत नाही. वीस मिनिटांत दोन्ही नाकपुड्या बंद, कानाला दडे, आणि मग छातीत बारीक शिट्टी वाजायला लागते. आधी वाटलं रेड वाइनच बाधते, म्हणून व्हाइट घेऊन पाहिली. तीच गत. मग कोणीतरी म्हणालं सल्फाइट असेल, म्हणून 'सल्फाइट न घातलेली' म्हणून विकतात ती महागडी बाटली आणली. दोन घोटांत नाक गेलं, पैसेही गेले. गेल्या महिन्यात पाऊण ग्लास बियर घेतली तर पंप घ्यावा लागला. (दमा आहे, पण चौतिशीनंतर सुरू झाला. लहानपणी काही नव्हतं.)

ही ॲलर्जी म्हणायची का? आणि नेमकी कशाची?

पिंपळगावचा_पाहुणा

मी नाशिककडे एका वायनरीत तळघरात काम करतो, म्हणून माझे चार आणे. सल्फाइटच आहे. वाइन टिकावी म्हणून द्राक्षं चिरडताना आम्ही पोटॅशियम मेटाबायसल्फाइट या सल्फाइटची पूड टाकतो, आणि बाटलीत भरायच्या आधी पुन्हा मोजून टाकतो. पुडीचा डबा निष्काळजीपणे उघडला तर धडधाकट पोरंही ठसकतात. मग दमेकऱ्याचं काय होईल, तुम्हीच बघा.

एक गैरसमज मात्र दूर करतो. रेडमध्ये सल्फाइट जास्त असतं असं सगळे म्हणतात, ते उलटं आहे. रेडला सालीतल्या टॅनिनचं संरक्षण असतं, त्यामुळे कमी पुरतं. व्हाइटला जास्त लागतं, गोड वाइनला सगळ्यात जास्त. आणि 'न घातलेली' म्हणजे 'नसलेली' नव्हे. यीस्ट आंबवताना स्वतःच थोडं तयार करतं. तुमच्या महागड्या बाटलीत तेच असणार.

बेदाणा

तासगावहून नमस्कार. आमच्याकडे बेदाण्याला गंधकाची धुरी देतात, त्याशिवाय तो पिवळाधमक राहत नाही. शेडमध्ये धुरी चालू असताना माझा चुलतभाऊ आत गेला तर त्याचा दमा उठतो, हे डोळ्यांनी पाहिलंय. पण तोच भाऊ गणपतीत चार बाटल्या बियर आरामात जिरवतो. याचा अर्थ काय लावायचा, जाणकारांनी सांगावं.

सात्त्विक_सदाशिव

उपदेश नको म्हणालात तरी सांगतो. शरीर नको म्हणतंय तर सोडा. प्रश्न मिटला, धागा बंद करा.

कानाखाली

(नाव गमतीने घेतलंय. कान-नाक-घसा हा माझा धंदा, मुक्काम कोल्हापूर.)

ताई, उत्तर देण्याआधी चार गोष्टी विचारतो. खऱ्या सांगा, आठवून सांगा.

एक. सल्फाइट लावलेले सोनेरी, मऊ जर्दाळू आणि पिवळे बेदाणे खाल्ल्यावर काही होतं का? बाटलीतलं लिंबाचं स्क्वॅश, ज्याच्या लेबलावर २२३ किंवा २२४ असा सल्फाइटचा आकडा असतो, ते प्यायल्यावर?

दोन. वास येतो का? फोडणीचा, गॅसचा, मोगऱ्याचा?

तीन. नाक कधी आतून दुर्बिणीने पाहिलंय का, आणि तेव्हा काय सांगितलं होतं?

चार. अंगदुखी, डोकेदुखी, पाळीचं दुखणं यासाठी कोणती गोळी घेता? आणि एखादी गोळी घेतल्यावर कधी दम लागला होता का?

बेदाणा, तुमच्या चुलतभावाचं कोडं छान आहे. जळत्या गंधकाचा धूर थेट फुप्फुसात जातो, तो कोणत्याही दमेकऱ्याला ठसका आणील. बियरमध्ये मात्र सल्फाइट नावापुरतंच असतं. आता पिंपळगावकरांनी सांगावं, सल्फाइटच दोषी असेल तर ताईंना बियरनेही का झालं?

पिंपळगावचा_पाहुणा

बियरमध्येही काहीजण घालतात. पण वाइनपेक्षा फारच कमी, हे मान्य. हां, तो मुद्दा बरोबर पकडलात.

दुपारची_झोप

जर्दाळू: डबाभर खाते. लडाखहून आलेले काळपट आणि दुकानातले सोनेरी, दोन्ही. काहीही होत नाही. स्क्वॅश: लहानपणापासून पिते.

वास: हे विचारलंत म्हणून दचकले. गेली पाच वर्षं जवळजवळ येतच नाही. दूध उतू जाऊन करपलं तर शेजारीण येऊन सांगते. सगळे म्हणाले सर्दी जुनी झालीय.

नाक: सहा वर्षांपूर्वी एका डॉक्टरांनी 'हाड वाढलंय, मांसही वाढलंय' म्हणून ऑपरेशन केलं होतं. आठ-दहा महिने छान गेले, मग पुन्हा बंद.

गोळी: साधी पॅरासिटामॉल, तीही क्वचित. दुसरं काही घेत नाही.

कानाखाली

घेत नाही, की घेणं बंद केलंत?

टोकियोतला_टिळक

मध्येच घुसतो. इथे ऑफिसच्या पार्टीत निम्म्या लोकांचे चेहरे पहिल्या ग्लासात टोमॅटो होतात. दारू पचताना ॲसिटाल्डिहाइड तयार होतं, आणि ते मोडणारं विकर यांच्यात जन्मतःच अधू असतं. काहींना तर दमाही उठतो. ताईंनाही तेच असेल, नाव गुगलून बघा.

कानाखाली

टिळकराव, तुमचे सहकारी अगदी पुस्तकातले आहेत, जपानी डॉक्टरांनी त्या दम्याचा चांगला अभ्यास केलाय. पण तो जनुकाचा प्रकार पूर्व आशियात, आपल्याकडे क्वचित. शिवाय तो जन्मापासून असतो. पहिल्या बियरपासूनच चेहरा लाल व्हायला हवा होता. ताईंचं दुखणं पस्तिशीत आलंय, आणि चेहऱ्याचं नावही त्यांनी काढलेलं नाही.

गव्हाची_गोष्ट

माझंही विचारून घेतो. मला नाकाचं काही नाही, पण बियर प्यायलो की दहा मिनिटांत अंगावर गांधी उठतात, पोटावर आणि मांड्यांवर. गव्हाच्या बियरने जास्त. रम प्यायलो तर काही नाही. म्हणजे मलाही हेच झालंय ना?

कानाखाली

नाही, तुमचं घर वेगळं आहे. रमने होत नाही म्हणजे दारू दोषी नाही. बियरमध्ये जव-गव्हाची काही प्रथिनं उकळून, आंबवूनही शिल्लक राहतात. रम उसाच्या मळीपासून होते, तिच्यात जव-गहू नसतातच, म्हणून ती चालते. ही खरी ॲलर्जी असू शकते आणि ती त्वचेवरच्या चाचणीत दिसू शकते. चाचणीला जाताना जी बियर बाधते तीच सोबत न्या, नुसत्या जवाच्या अर्काने कधी कधी हुकतं.

एक मात्र लक्षात ठेवा. चपाती खाऊन लगेच पळायला गेल्यावर किंवा जिममध्ये गांधी उठल्या, ओठ सुजले, चक्कर आली असं कधी झालंय का? झालं असेल तर बियरचा विषय बाजूला ठेवून आधी डॉक्टर गाठा. गव्हाची ॲलर्जी एरवी झोपलेली असते. व्यायाम, दारू किंवा दुखण्याची गोळी तिला उठवते.

गव्हाची_गोष्ट

जिममध्ये एकदा झालं होतं. प्रोटीन पावडर समजून ती फेकून दिली.

कानाखाली

मग आजच वेळ घ्या. आणि तोवर बियरची परीक्षा घरी घेऊ नका.

दुपारची_झोप

डॉक्टर, तुमचा प्रश्न रात्रभर डोक्यात होता. घेणं बंद केलंय. का, तेच विसरले होते.

दोन वर्षांपूर्वी रूट कॅनाल झालं. दंतवैद्यांनी सूज-दुखण्यासाठी गोळी दिली, घरी येऊन घेतली. पाऊण-एक तासात नाक गच्च, डोळे लाल, आणि असा दम लागला की नवऱ्याने सरळ दवाखान्यात नेलं. दोनदा नेब्युलायझर दिला, सलाइनमधून स्टिरॉइड दिलं. तिथे सांगितलं की दाताच्या इंजेक्शनचं टेन्शन आलं असेल. मीही तेच धरून चालले. फाइल काढून पाहिली, गोळी आयबुप्रोफेनची होती. तेव्हापासून कसलीच गोळी नको म्हणून पॅरासिटामॉलवर भागवते.

कानाखाली

मला याचीच शंका होती. आता सविस्तर लिहितो, चहा घेऊन बसा.

नाकात पुन्हा पुन्हा वाढणारे मांसाचे मऊ गोळे म्हणजे पॉलिप, मोठेपणी सुरू झालेला दमा, आणि ॲस्पिरिन किंवा तिच्या कुळातल्या गोळ्यांनी उठणारा अटॅक. हे तिन्ही एकत्र आले की त्याला सॅम्टरची त्रयी म्हणतात. सॅम्टर आणि बीअर्स यांचा लेख १९६८ चा, पण विडाल नावाच्या फ्रेंच डॉक्टरने १९२२ मध्येच हे टिपलं होतं. दम्याच्या शंभर रुग्णांत साधारण सात जणांना हे असतं. सुरुवात बहुधा तिशीत होते, क्रम बराचसा ठरलेला. आधी न हटणारी सर्दी, मग वास जातो, मग दमा, आणि शेवटी एक दिवस एखादी गोळी भलतंच करते. तुमचा क्रम जुळतो.

आता दारू. बोस्टनच्या एका गटाने २०१४ मध्ये अशा रुग्णांना विचारलं, तर चारांपैकी तिघांना दारूने नाकाचा किंवा छातीचा त्रास होत होता. ॲस्पिरिन चालणाऱ्या दमेकऱ्यांत हे प्रमाण तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास, आणि निरोगी माणसांत सातात एक. म्हणजे दारूने नाक चोंदलं की सॅम्टर, असं मुळीच नाही. निरोगी माणसाचंही चोंदतं, कारण दारूने नाकाच्या आतल्या रक्तवाहिन्या फुगतात. पण दोन-चार घोटांत, तासाच्या आत, वाइन-बियर दोन्हींनी, आणि सोबत वास गेलेला असेल, तर मी गोळीबद्दल विचारल्याशिवाय पेशंटला उठू देत नाही.

गोळीने असं का होतं, हे बरंचसं कळलंय. तुमच्या नाकात आणि फुप्फुसात ल्युकोट्राइन नावाचं रसायन गरजेपेक्षा जास्त तयार होत असतं, आणि शरीरातलंच दुसरं एक रसायन त्याला ब्रेक लावून असतं. आयबुप्रोफेन नेमका तो ब्रेक काढून टाकतं. दारू मात्र तो ब्रेक काढत नाही, तरीही परिणाम सारखाच दिसतो. कोणी द्राक्षाच्या सालीतल्या रसायनांवर बोट ठेवतं, पण मग बियरने का होतं याचं समाधान होत नाही. तिथे अजून वाद चालू आहे.

पिंपळगावचा_पाहुणा

म्हणजे सल्फाइट साफ निर्दोष? आमच्या वायनरीत पाहुणे रोज हेच विचारतात.

कानाखाली

निर्दोष नाही, पण गर्दीतला एक संशयित. पर्थला एक अभ्यास झाला होता, २००१ मध्ये छापून आला. 'वाइनने माझा दमा उठतोच' असं ठामपणे सांगणारे २४ दमेकरी घेतले आणि त्यांना भरपूर सल्फाइटची वाइन प्यायला दिली, लिटरला ३०० मिलिग्रॅम. २४ पैकी फक्त चौघांची छाती खरोखर आवळली. ते चौघे खरे, त्यांना जर्दाळूनेही व्हायची शक्यता. बाकी वीस जणांचं कारण दुसरं. आणि ज्यांचा दमा आधीच आटोक्यात नाही त्यांना सल्फाइट जास्त बाधतं, हेही खरं.

रविवारची_मिसळ

हिस्टामिनचं काय? मी तर रेड वाइनच्या आधी ॲलर्जीची गोळी घेते, मस्त चालतं.

कानाखाली

रेडमध्ये हिस्टामिन जास्त असतं हे खरं. पण ज्यांना वाइन सोसत नाही अशांना जास्त आणि कमी हिस्टामिनची वाइन न सांगता पाजून पाहिलं तेव्हा फारसा फरक पडला नव्हता. तुम्हाला गोळीने बरं वाटत असेल तर मी खोटं म्हणणार नाही, शिंका-खाज त्याने कमी होतात. फक्त जुन्या झोप आणणाऱ्या गोळ्या असतील तर दारूबरोबर गाडी चालवू नका, आणि छातीत शिट्टी वाजत असेल तर ही गोळी तिथे उपयोगाची नाही.

सात्त्विक_सदाशिव

मी आधीच म्हणालो होतो, सोडा.

कानाखाली

सदाशिवराव, तुमचं ऐकून ताईंनी पहिल्याच दिवशी सोडली असती तर काय झालं असतं सांगतो. नाकाने आवाज दिला नसता, हा धागा निघाला नसता, आणि पुढच्या कंबरदुखीला कोणीतरी डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन ठोकलं असतं. नाक चोंदणं एकवेळ निभतं, इंजेक्शनने येणारा अटॅक जीव घेऊ शकतो. सोडायची तर सोडा, पण कारण शोधून सोडा.

चिंतातुर_जंतू

डॉक्टर, घरी पाव ॲस्पिरिन घेऊन खात्री करता येईल का? पंप हाताशी ठेवून?

कानाखाली

नाही. नाही. नाही.

ही चाचणी हॉस्पिटलात, सलाइन लावून, अगदी बारीक डोसपासून सुरू करतात. प्रत्येक डोसनंतर फुंकर मारायच्या यंत्रावर श्वास मोजतात, आणि तो ठरावीक टक्क्यांनी घसरला की थांबतात. तिथेही माणसं अडचणीत येतात, पण तिथे सावरायला लोक असतात.

ताई, तुम्ही तोवर एवढं करा. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, नॅप्रोक्सेन यांतलं काही नको, गोळी नको नि इंजेक्शनही नको. आपल्याकडे खरी गोम अशी की तापाच्या आणि अंगदुखीच्या कितीतरी गोळ्या जोडगोळ्या असतात. दुकानदार 'पॅरासिटामॉलच आहे' म्हणून देतो, आणि पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात आयबुप्रोफेन असतं. मागची बाजू वाचायची. नुसती पॅरासिटामॉल ५०० पर्यंत बहुतेकांना सोसते, एकदम हजार मात्र काहींना बाधते. दातांचं, हाडांचं काही निघालं तर तोंड उघडण्याआधी हे सांगायचं. आणि कागदावर लिहून पर्समध्ये ठेवा, कारण बेशुद्ध माणूस काही सांगू शकत नाही.

दुपारची_झोप

पर्समध्ये ठेवलंय, नवऱ्याच्या फोनमध्येही. पुढच्या बुधवारी तपासणीची वेळ मिळाली आहे.

बेदाणा

भावाला धाग्याची लिंक पाठवली. म्हणतो, मला बियर चालते म्हणजे मी सुटलो.

कानाखाली

बियर चालते म्हणून गोळीही चालेल असं नाही हो. त्याला दमा आहे. वास येतो का, एवढं विचारून ठेवा.

दुपारची_झोप

तीन आठवड्यांनी लिहितेय, क्षमस्व.

दुर्बिणीने पाहिलं. दोन्ही बाजूंना पॉलिप आहेत. स्क्रीनवर दाखवले, अगदी सोललेल्या द्राक्षांसारखे, पांढुरके आणि ओले. (वाइनवरून सुरू झालेल्या धाग्यात हे निघावं!) सीटी स्कॅनमध्ये सायनस जवळजवळ सगळे भरलेले. रक्तात इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी वाढलेल्या. श्वासाच्या चाचणीत आकडा कमी आला आणि पंप घेतल्यावर बराच वर गेला, म्हणजे दमा नीट ताब्यात नव्हता. मी आपली समजत होते, अधूनमधून एखादा पंप पुरतो.

आता रोजचा पंप, ल्युकोट्राइनला अडवणारी माँटेलुकास्टची गोळी, आणि स्टिरॉइड घातलेल्या मिठाच्या पाण्याने नाक धुणं चालू आहे. चौदाव्या दिवशी सकाळी जिऱ्याची फोडणी घातली आणि वास आला. गॅस बंद करून तिथेच उभी राहिले.

ऑपरेशन पुन्हा करावं लागेल बहुधा. त्यानंतर ॲस्पिरिनच हळूहळू वाढवत नेऊन शरीराला सवय लावतात आणि मग ती रोज घेत राहायची, असं डॉक्टर म्हणाले. जे विष, तेच औषध? आणि ते झाल्यावर वाइन चालेल का, हे विचारायला लाज वाटली म्हणून इथे विचारते.

कानाखाली

जिऱ्याच्या वासाबद्दल अभिनंदन.

हो, तेच. पॉलिप काढल्यावर ॲस्पिरिन सुरू केली की ते पुन्हा वाढायला जास्त वेळ लागतो, पण गोळी चुकवून चालत नाही. काही दिवस खंड पडला तर सवय मोडते आणि पहिल्यापासून हॉस्पिटलात सुरुवात करावी लागते. पोट नाजूक असेल, अल्सर झालेला असेल तर हा मार्ग अवघड. नवी इंजेक्शनंही आहेत, दर दोन आठवड्यांनी, पण किंमत ऐकून नाक पुन्हा चोंदेल.

वाइनबद्दल लाजायचं काय त्यात. ऑपरेशन आणि ॲस्पिरिन यांनंतर बऱ्याच जणांना दारू पूर्वीपेक्षा सोसते असं दिसलंय. तुम्ही त्यांतल्या असाल की नाही, ते आत्ता मी सांगू शकत नाही.

पिंपळगावचा_पाहुणा

सोसली तर वायनरीत या. तळघर मी दाखवतो, पुडीचा डबा सोडून.

गव्हाची_गोष्ट

माझी तपासणी शुक्रवारी आहे. बियरची बाटली घेऊन दवाखान्यात शिरायचं, शेजारच्या काकूंनी पाहिलं तर काय सांगू?